EMI बाउन्सचा मेसेज आला? खात्यात नेमके किती पैसे टाकायचे, ते आधी समजून घ्या

सकाळी मोबाइल वाजतो आणि एकामागोमाग दोन मेसेज येतात. पहिला कर्ज देणाऱ्या कंपनीचा, दुसरा तुमच्या बँकेचा.

```
EMI of Rs 4,200 due 05/06 returned.
Reason: INSUFFICIENT BALANCE
```

```
Rs 590 debited. NACH RTN CHG
```

बहुतेक जण पहिला वाचून घाबरतात आणि दुसरा न वाचताच सोडतात. खरी मेख दुसऱ्यात असते.

उदाहरण घेऊ. दुचाकीच्या कर्जाचा हप्ता 4,200 रुपये आणि खात्यात होते 3,950. कमी पडले फक्त 250 रुपये. पण हप्ता अर्धवट कापला जात नाही. पूर्ण रक्कम नसली की मागणी परत जाते. त्यानंतर बँकेने ‘रिटर्न चार्ज’ म्हणून 590 रुपये कापले, म्हणजे 500 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. (बँकेनुसार ही रक्कम कमी-जास्त असते. 295 दिसले तर ते 250 अधिक जीएसटी.) आता खात्यात उरले 3,360.

इथेच चूक होते. ‘250 कमी होते, टाकले 250’ असा हिशेब करून माणूस निर्धास्त होतो. खात्यात 3,610 असतात. काही दिवसांनी कंपनी तोच हप्ता पुन्हा मागते, तो पुन्हा परत जातो आणि दोन्हीकडचे शुल्क दुसऱ्यांदा लागते. प्रत्यक्षात टाकायला हवे होते 840 रुपये. शिवाय खात्यात पैसे अपुरे असतील तर काही बँका शुल्क बाकी ठेवतात आणि पैसे जमा होताच आधी ते वसूल करतात. म्हणून पैसे टाकल्यावर शिल्लक पुन्हा एकदा पाहाच.

कंपनी तिचे बाउन्स शुल्क वेगळे लावते. आपल्या उदाहरणात ते 500 धरू. त्याशिवाय थकीत रकमेवर दंड असतो. करारात तो वर्षाला 24 टक्के असेल, तर 4,200 रुपयांवर सहा दिवसांचे होतात जेमतेम 17 रुपये. म्हणजे 250 रुपयांच्या तुटीची किंमत साधारण 1,107 रुपये. त्यात दिवसागणिक वाढणारा दंड किरकोळ आणि एकेका बाउन्सचा फटका मोठा. त्यामुळे धावपळ करायची ती दुसरा बाउन्स टाळण्यासाठी.

दंडाबाबत रिझर्व्ह बँकेचे 2023चे परिपत्रक लक्षात ठेवा. दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळे शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. अशा दंडावर जीएसटीही लागत नाही, हे सरकारने जानेवारी 2025मध्ये स्पष्ट केले आहे.

‘तीन दिवसांची सवलत असते ना?’ हा नेहमीचा प्रश्न. तीन दिवसांचा नियम क्रेडिट कार्डाचा आहे. कर्जाचा हप्ता ठरलेल्या दिवसअखेरपर्यंत आला नाही, तर खाते त्याच तारखेपासून थकीत धरले जाते. काही कंपन्या दोन-चार दिवस दंड लावत नाहीत, पण ती त्यांची मर्जी. थकीत दिवसांची मोजणी थांबत नाही. 90 दिवसांच्या पुढे थकल्यास कर्ज एनपीए होते.

मग करायचे काय? कंपनीच्या अधिकृत ॲपवर थकबाकी पाहा आणि ग्राहक सेवेला एकच प्रश्न विचारा: हप्त्याची मागणी खात्यावर पुन्हा पाठवणार आहात का, आणि कोणत्या तारखेला? पाठवणार असतील तर आदल्या संध्याकाळीच पूर्ण रक्कम खात्यात ठेवा, कारण ही वसुली अनेकदा सकाळीच होते. 1 ऑगस्ट 2021पासून ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. ॲपवरून लगेच भरणार असाल, तर पुढची मागणी थांबवल्याचे लेखी घ्या, नाहीतर हप्ता दोनदा जाईल. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर मात्र पैसे भरू नका.

पगार पाच तारखेला दुपारी आणि हप्ता त्याच सकाळी, अशी जोडी असेल तर हे दर महिन्याला होऊ शकते. हप्त्याची तारीख बदलून मागा.

लावलेले शुल्क कर्ज घेताना मिळालेल्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’शी ताडून पाहा. 1 ऑक्टोबर 2024पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात नसलेले शुल्क तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. तसे दिसले तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट तोपर्यंत जपून ठेवा.