पन्नाशीला आलेला ‘काड्या’ मित्रांत पुन्हा शाळकरी का होतो?

दहावीची बॅच तीस वर्षांनी एकत्र येते. एक जण आता बँकेत मॅनेजर, वजन नव्वद किलो. पण हॉलमध्ये पाऊल टाकताच आरोळी येते, ‘आला रे काड्या!’ आणि साहेब क्षणात दप्तर फेकून धावायच्या बेतात. असं का होतं?

आठवणीला जागा लागते

आपण एखादी गोष्ट शिकतो तेव्हा आजूबाजूचे आवाज, चेहरे, वासही तिच्यासोबत साठवले जातात. ते पुन्हा समोर आले की आठवण सहज वर येते. 1975 मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना 36 शब्द पाठ करायला दिले. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना किनाऱ्यापेक्षा पाण्याखालीच जास्त आठवले. 2021 मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे केवळ जागा पुरेशी नसावी. शाळेचं आवार बदललेलं असलं, तरी मित्रांची हाक आणि हसण्याची लकब ही त्याहून मोठी खूण ठरते.

अर्धी गोष्ट दुसऱ्याकडे

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1985 मध्ये एक कल्पना मांडली: जवळची माणसं आठवणी वाटून घेतात. कुणाला काय लक्षात आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. सहलीला बस बंद पडल्याचा किस्सा घ्या. एकाला ड्रायव्हरचं बोलणं आठवतं, दुसऱ्याला सरांचा चेहरा, आणि शेवटचा विनोद ‘काड्या’नेच सांगायचा असतो. तो थांबला तर सगळे त्याच्याकडे बघतात. भूमिका अशी आपोआप परत येते. शिवाय तीस वर्षांत सोबत नवं काही घडलेलं नसल्यामुळे गटाकडे बोलायला तेवढंच भांडवल असतं.

हसणारा खरंच हसतोय का?

अडचण इथेच आहे. गटाने जपलेली प्रतिमा जुनी असते, माणूस पुढे गेलेला असतो. ‘काड्या’ला आपलं नाव आवडत असेल, पण शेजारच्या ‘ढ’ला? पुन्हा तीच भूमिका वाट्याला आली की तोही हसतो, कारण तेव्हाही त्याने तेच केलं होतं.

ओळखायचं कसं? तो सगळ्यांच्या नंतर हसतो, लगेच विषय बदलतो, ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसतो. पुढच्या भेटीला त्याला नेमकं काम निघतं.

त्याला गटात विचारू नका. तिथे उत्तर त्याची जुनी भूमिकाच देईल, ‘छे रे, मला काय वाटायचंय!’ निरोप घेताना बाजूला गाठा आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून विचारा.