तीन लेट मार्क, अर्धा दिवस

महिनाअखेरीला पगाराची चिठ्ठी हातात पडते आणि ‘पगारी दिवस’ या रकान्यात २६ ऐवजी २५.५ दिसतं. रजा तर घेतली नव्हती, मग अर्धा दिवस गेला कुठे? चौकशी केली की ठरलेलं उत्तर येतं, ‘लेट मार्क’. कारखान्यांपासून खासगी शाळांपर्यंत कितीतरी ठिकाणी एक नियम चालतो: महिन्यात तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची कपात. नियम एका ओळीचा आहे. पण त्याचं पगारात रूपांतर होताना काय काय घडतं, हे मस्टर सांभाळणाऱ्यालाच माहीत असतं.

पहिला प्रश्न उशीर कशाला म्हणायचं हा. समजा कामाची वेळ साडेनऊची आहे आणि दहा मिनिटांची सवलत आहे, म्हणजे ९.४० पर्यंत आलेला माणूस वेळेवर आला. पंचिंग मशीन मात्र सेकंदही नोंदवतं. ९ वाजून ४० मिनिटं ३५ सेकंदांनी बोट टेकवणाऱ्याला पडद्यावर ९.४० दिसतं आणि तो निर्धास्त आत जातो. एक्सेलच्या लेखी मात्र ती वेळ ९.४० च्या पुढची असते, म्हणून लेट मार्क पडतो. ४० वं मिनिट संपेपर्यंत सवलत द्यायची असेल, तर तुलना ४१ व्या मिनिटाशी करावी लागते.

याहून मोठा घोटाळा फाइल उघडतानाच होतो. मशीनमधून काढलेल्या वेळा कधी कधी वेळ म्हणून न येता मजकूर म्हणून येतात. डोळ्यांना फरक कळत नाही. पण एक्सेलमध्ये मजकूर आणि आकडा यांची तुलना केली, तर मजकूर नेहमीच मोठा ठरतो. मग साडेआठला आलेला शिपाईही उशिरा आलेला दिसतो. अख्खा विभाग महिनाभर रोज उशिरा आलाय असं पत्रक सांगू लागलं, तर दोष माणसांचा नसून रकान्याचा आहे हे ओळखावं. रात्रपाळीत नेमकं उलटं होतं. रात्री दहाच्या पाळीला कुणी साडेबाराला उगवला, तर तारीख बदललेली असते आणि नुसती वेळ बघणारं सूत्र त्याला चक्क लवकर आलेला समजतं.

उशीर मोजून झाले की रूपांतर. रकाना B मध्ये प्रत्येकाचे पगारी दिवस आणि C मध्ये लेट मार्क असतील, तर सुधारित दिवस असे निघतात:

```
=MAX(0, B2-INT(C2/3)*0.5)
```

यातला `INT` महत्त्वाचा. तो भागाकारातला अपूर्णांक टाकून देतो. पाच लेट मार्कांत तीनचा एकच पूर्ण गट बसतो, म्हणून कपात अर्ध्या दिवसाची आणि सुधारित दिवस २५.५. घाईत कुणी त्याजागी `ROUND` लिहिलं, तर पाच भागिले तीन म्हणजे १.६७ चे दोन होतात आणि त्याच माणसाचा पूर्ण दिवस कापला जातो. पत्रक तितकंच नीटनेटकं दिसतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

गणित दर माणशी आणि दर महिन्याला वेगळं व्हायला हवं, हे सांगायची गरज वाटू नये, पण आहे. तिघांचे दोन-दोन लेट मार्क एकत्र केले तर सहा होतात आणि एक दिवस कापायला निघतो. वास्तविक तिघांपैकी कुणीच तीनपर्यंत पोचलेलं नसतं. जूनचे उरलेले दोन जुलैच्या एकाला चिकटवले, तरी तेच.

आता नियमाच्या शब्दांकडे येऊ. ‘तीन लेट मार्कांना अर्धा दिवस’ आणि ‘तीन लेट मार्क माफ, पुढच्या प्रत्येकाला अर्धा दिवस’ ही वाक्यं कँटीनमध्ये एकाच अर्थाने बोलली जातात. सात वेळा उशीर झालेल्या कामगाराला पहिल्या नियमाने एक दिवस गमवावा लागतो, दुसऱ्याने दोन. त्या सातांपैकी एका दिवशी त्याने आधीच सकाळची अर्धी रजा टाकली असेल आणि दुपारी तो हजर झाला असेल, तर तो दिवस लेट मार्कांतून वगळायलाच हवा. नाहीतर रजाही गेली आणि मार्कही पडला. तो वगळला की सहा उरतात: पहिल्या नियमाने कपात एक दिवसच राहते, दुसऱ्याने ती दीड दिवसावर येते.

इथवर हिशेब झाला. पण कापलेला अर्धा दिवस पगारातून घ्यायचा की रजेतून, यावर खरा वाद आहे आणि तिथे कायदा फारसा मालकाच्या बाजूने नाही.

एक कर्मचारी घेऊ. महिना २६,००० रुपये वेतन, २६ दिवस, रोज आठ तास. म्हणजे दिवसाचे १,००० आणि तासाचे १२५ रुपये. त्याला महिन्यात तीनदा उशीर झाला: २० मिनिटं, १८ मिनिटं आणि २५ मिनिटं. एकूण ६३ मिनिटं. न केलेल्या कामाचे पैसे होतात सुमारे १३१ रुपये. तीन लेट मार्कांचा नियम त्याच्याकडून घेतो ५००.

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी असं बंधन घातलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हे बंधन कायम आहे. वरचे ३६९ रुपये त्या प्रमाणात बसत नाहीत. तो दंड आहे असं म्हणावं, तर दंडाचे नियम वेगळे. कोणत्या चुकीला दंड हे सरकारी मंजुरीने ठरवून सूचनाफलकावर लावावं लागतं, कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, नोंदवही ठेवावी लागते आणि जमा रक्कम कामगारांच्याच हिताला वापरावी लागते. शिवाय महिन्याचा एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. आपल्या कर्मचाऱ्यासाठी ही मर्यादा ७८० रुपयांची. सूत्राला यातलं काही ठाऊक नसतं. ते मुकाट्याने ०.५ वजा करतं.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत ही कपात पगाराऐवजी रजेच्या खात्यात पडते. तिथला नियम तसा कडकच आहे. उशिराच्या प्रत्येक दिवसाला अर्धी नैमित्तिक रजा वजा होते आणि अशा रजा वर्षाला मिळतात फक्त आठ. पण उशीर तासाभराच्या आतला असेल आणि कारण पटण्याजोगं असेल, तर महिन्यातून दोनदा अधिकारी तो माफ करू शकतात. म्हणजे लोकल रखडली त्या दिवशी निर्णय घ्यायला कुणी माणूस असतो. नुसत्या सूत्रावर चालणाऱ्या पत्रकात ही जागाच नसते. ती हवी असेल, तर ‘माफ’ असा एक रकाना जास्तीचा ठेवावा आणि भागाकाराआधी तो आकडा वजा करावा.

खासगी आस्थापनांनीही लेट मार्क आधी शिल्लक रजेतून वळते करावेत आणि रजा संपल्यावर पगाराला हात लावायचाच असेल, तर मिनिटांच्या हिशेबाने लावावा. कामगारांच्या बाजूने सांगायचं, तर पुढच्या चिठ्ठीत पगारी दिवसांपुढे .५ दिसला, तर लेट मार्कांच्या तारखा आणि पंचिंगच्या वेळा लेखी मागून घ्या.