वीस टक्के सूट नेमकी कुणाच्या खिशातून जाते?

सोलापूर, इचलकरंजीकडच्या सुती साड्या ऑनलाइन विकणारं एखादं छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. साडीची किंमत २,१०० रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला. म्हणजे १०० रुपये सरकारचे, दुकानाच्या हातात २,०००. साडीची खरेदी १,२००, खोका-पिशवी ४०, कुरिअर १२०, पेमेंट गेटवेचे दोन टक्के म्हणजे ४२. उरले ५९८.

दिवाळीला ‘२० टक्के सूट’ लावली की साडी १,६८० ला जाते. जीएसटी वजा जाता १,६०० राहतात. खरेदी, पॅकिंग आणि कुरिअर यांना दिवाळीशी काही देणंघेणं नाही, ते तेवढेच. गेटवेचे फक्त आठ रुपये वाचतात. हाती उरतात २०६. किंमत एक पंचमांशाने उतरली आणि नफा जवळजवळ दोन तृतीयांशाने. आधी एका साडीत मिळायचं तेवढं कमवायला आता तीन साड्या विकाव्या लागतात. त्यातलं एखादं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवलं, की जाण्यायेण्याच्या कुरिअरमध्ये दुसऱ्या एका साडीचा नफा बुडतो.

इथवरचं गणित बहुतेक दुकानदार मनात तरी करतात. घोळ होतो तो दोन सवलती एकत्र आल्या की. नव्या गिऱ्हाइकासाठी WELCOME10 हा कोड वर्षभर चालूच असतो, त्यात DIWALI20 येतो. वूकॉमर्सवरच्या दुकानात मुद्दाम अडवलं नाही, तर गिऱ्हाईक दोन्ही कोड टाकू शकतं. शिवाय दुसरी सूटही मूळ किमतीवरच मोजली जाते. सरळ ३० टक्के गेले, साडी १,४७० ला, आणि दुकानाकडे उरले ११ रुपये. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर खर्च केला असेल, तर ही विक्री तोट्यातच झाली.

यावरचा उपाय कूपनच्याच पानावर आहे. `Individual use only` या चौकटीत खूण केली, की तो कोड दुसऱ्या कोडबरोबर चालत नाही. पण सणाची सूट कोडने न देता साडीची किंमतच उतरवून दिली असेल, तर ही खूण उपयोगाची नाही, कारण तिथे कोड एकच असतो. त्यासाठी WELCOME10 मध्ये `Exclude sale items` ही खूण लागते.

तारखेचीही एक गंमत आहे. `Coupon expiry date` मध्ये २० तारीख टाकली, तर कोड २० तारीख लागताक्षणीच मरतो. बॅनरवर ‘२० तारखेपर्यंत’ लिहिलेलं असतं आणि दिवसभर व्हॉट्सॲपवर ‘ताई, कोड चालत नाहीये’ असे निरोप येत राहतात. तिथे २१ टाकायची. वेबसाइटचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं नसेल, तर मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते.

कोड बनवण्याआधी तळाची किंमत काढलेली बरी. समजा प्रत्येक साडीमागे निदान १५० रुपये सुटायलाच हवेत. खरेदी, पॅकिंग, कुरिअर आणि हे १५० मिळून १,५१० होतात. वर जीएसटी आणि गेटवे धरला की विक्रीची किंमत १,६२० च्या खाली नेता येत नाही. म्हणजे सगळ्या सवलती मिळून जेमतेम २२ टक्के. ‘कुरिअर मोफत’ हीसुद्धा सवलतच. गिऱ्हाईक कुरिअरचे वेगळे पैसे देत असेल, तर हे १२० खर्चातून काढून हिशेब पुन्हा मांडायचा.

माझं मत विचाराल तर लहान दुकानाने टक्क्यांच्या नादी लागूच नये. ‘४,००० च्या वर खरेदीला ४०० रुपये कमी’ असा कोड ठेवून पाहा. दोन साड्यांचे ४,२०० होतात, गिऱ्हाईक ३,८०० देतं. एकाच खोक्यात जात असल्याने पॅकिंग ६० आणि कुरिअर १५० धरलं, तरी ९३० च्या आसपास उरतात. सूट जेमतेम साडेनऊ टक्के पडते, आणि बॅनरवर ‘४०० रुपये’ हा आकडा ठसठशीत दिसतो.

मात्र बॅनरवर ‘४,००० च्या वर’ ही अट त्याच ओळीत, वाचता येईल अशा अक्षरात हवी. पान उघडलं की दरवेळी नव्याने सुरू होणारं ‘फक्त दोन तास उरले’चं घड्याळ लावायचा मोह टाळावा. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या नियमांत अशी खोटी घाई ही ग्राहकाची फसवणूक धरली आहे.

सेल सुरू व्हायच्या आदल्या रात्री, लॉगिन न करता, स्वतःच्याच दुकानात खरेदीला जावं. सूट लागलेली एक साडी आणि न लागलेली एक, अशा दोन्ही पिशवीत टाकाव्यात, आठवतील ते सगळे जुने कोड एकामागून एक टाकावेत आणि शेवटच्या बेरजेचा आकडा तळाच्या किमतीशी ताडून पाहावा. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीचा एखादा कोड अजून चालू असलेला तिथेच सापडतो.