आतड्याचा दाह: कुठे आणि किती खोल?

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य आजार. दोन्हींत जुलाब होतात, पोट दुखते, वजन घटते. आजार काही काळ शांत राहून पुन्हा उसळतो. त्यामुळे निव्वळ लक्षणांवरून गल्लत होऊ शकते. दाह कुठे आहे आणि आतड्याच्या भिंतीत किती खोल उतरला आहे, हे पाहिले की चित्र बरेच स्पष्ट होते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो. त्याची सुरुवात बहुधा गुदाशयात होते आणि तिथून तो सलग वर सरकतो. मध्ये निरोगी पट्टा सहसा सुटत नाही. दाह मात्र आतल्या नाजूक अस्तरापुरताच असतो. हे अस्तर सोलवटल्यासारखे होऊन रक्त झिरपते, म्हणून रक्तमिश्रित शौच आणि वारंवार घाईची संवेदना ही या आजाराची ठळक खूण.

क्रोन्सचा दाह तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचे शेवटचे टोक. तो तुकड्यातुकड्यांनी पसरतो; दोन आजारी भागांमध्ये चांगले आतडे असते. मुख्य म्हणजे तो भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो, आणि त्याची बहुतेक गुंतागुंत या खोलीतूनच उद्भवते.

समजा, लहान आतड्याच्या टोकाला असा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला. भिंत जाड आणि कडक होते, वाट अरुंद होते. जेवणानंतर पोटात कळा येतात, पोट फुगते, कधी उलटी होते. त्याच भागात शोषले जाणारे बी-१२ जीवनसत्त्वही कमी पडते. व्रण भिंत भेदून बाहेर पडला, तर गळू होते किंवा शेजारच्या अवयवात वाट तयार होते. ती मूत्राशयात उघडली तर लघवीतून हवेचे बुडबुडे येतात. गुदद्वाराजवळ पुन्हापुन्हा होणाऱ्या भगंदरामागेही कधीकधी क्रोन्स असतो. भारतात आणखी एक पेच आहे: आतड्याचा क्षयरोगही नेमका याच जागी होतो आणि असाच दिसतो. म्हणून बायोप्सीत क्षयाचा शोध घेणे भागच पडते.

कोलायटिसमधील धोके वेगळे. तीव्र उसळीत मोठे आतडे लुळे पडून फुगते आणि फुटण्याची भीती असते. ही तातडीची अवस्था. आजार बराच पसरलेला आणि जुना असेल, तर कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे साधारण ८ वर्षांनंतर नियमित कोलोनोस्कोपी सुचवली जाते. क्रोन्सने मोठे आतडे बरेच व्यापले असेल, तर त्यालाही हे लागू आहे.

शस्त्रक्रियेतही हा फरक उतरतो. कोलायटिसमध्ये मोठे आतडे आणि गुदाशय काढल्यावर आतड्यातला आजार संपतो. क्रोन्समध्ये तो बहुधा जोडणीच्या जागी परततो. म्हणून तिथे शक्य तितके कमी आतडे कापले जाते. अरुंद भाग काही वेळा न काढता फक्त रुंद केला जातो.