आजीच्या पोटात सुरू झालेली गोष्ट

कराडमधलं एक घर डोळ्यांपुढे आणा. दीड महिन्याच्या बाळाचा रिपोर्ट हातात आलाय. रक्तातल्या पेशी वाढवून त्यातली गुणसूत्रं कागदावर जोडीजोडीनं मांडलीत, दुकानात चपलांचे जोड मांडावेत तशी. एकविसाव्या जागी मात्र दोनाऐवजी तीन आहेत. डाऊन सिंड्रोम.

घरातला पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "ग्रहणात विळी धरली होतीस का गं?" असं सासूबाई विचारतात. त्यांनी विचारलं नाही तर आई स्वतःलाच विचारते, रात्रभर.

आता थक्क करणारी गोष्ट ऐका. हे जास्तीचं गुणसूत्र बहुतेक वेळा आईच्या बीजपेशीतून येतं. आणि ती बीजपेशी तयार कधी झाली? आई स्वतः तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा! त्या वेळी पेशीनं विभागायला सुरुवात केली आणि ती मध्येच थांबली. वीस, तीस, कधी चाळीस वर्षं ती तशीच थांबून राहते. मग एका महिन्यात तिची पाळी येते आणि उरलेलं काम पुढे सुरू होतं. इतका काळ धरून ठेवलेली गाठ नीट सुटली नाही, तर दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. वय वाढतं तशी ही शक्यता वाढते, ती याचमुळे. म्हणजे गर्भ राहिला त्या क्षणी चूक होऊन गेलेली असते. नंतरचं ग्रहण, विळी, पपई सगळं उशिरा आलेले पाहुणे. हे जास्तीचं गुणसूत्र फ्रान्समध्ये झेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं नसतं, तर आजही कुणीतरी विळीचाच हिशेब मांडत बसलं असतं. (मांडतातच म्हणा!)

पण दोष गेला म्हणून दुःख जातं का? नाही. इथे दुसरं आश्चर्य आहे.

मेलेल्या माणसाचं दुःख हळूहळू ओसरतं, म्हणून या आईचंही ओसरेल, अशी सगळ्यांची समजूत असते. नाहीच ओसरलं तर "अजून सावरली नाही" म्हणतात. १९६२ मध्ये अमेरिकेत सायमन ओल्शान्स्की यांनी हे उलटं करून मांडलं. असं दुःख आयुष्यभर राहतं, आणि तो आजार नाही, हे त्यांनी ठामपणे लिहिलं. का राहतं, याचा विचार करा. जे गेलं ते मूल नव्हे. मूल तर मांडीवर आहे, हसतंय. गेलं ते मनात वाढवलेलं दुसरं मूल. त्याला ना श्राद्ध, ना तेरावा, ना कुणी भेटायला येतं.

आणि या दुःखाला चक्क कॅलेंडर असतं. जून उजाडतो, शेजारचं मूल दप्तर लावून निघतं, तेव्हा ते येतं. धाकटी बहीण मोठ्याच्या आधी वाक्य बोलते, घरभर आनंद होतो आणि आई मोरीत जाऊन रडते. चुलतभावाचा दहावीचा निकाल, गावच्या जत्रेत "हा कितवीत आहे?" असा साधा प्रश्न. अधूनमधून महिनेच्या महिने काही नाही. मग पुन्हा.

तर मग सावरणं म्हणजे काय? व्हर्जिनियातल्या रॉबर्ट पियांटा आणि रॉबर्ट मार्विन यांनी आयांना मोजके प्रश्न विचारून हे तपासलं. कधी कळलं, तेव्हा काय वाटलं, आता काय वाटतं, असे प्रश्न. उत्तरात रडू आलं की नाही, हे ते पाहत नव्हते. आई अजून कारण शोधतेय का, "रिपोर्ट चुकला असेल" म्हणत डॉक्टरांमागून डॉक्टर बदलतेय का, की बोलता बोलता आजच्या मुलाकडे वळतेय, एवढंच ते ऐकत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरचं त्यांचं काम १९९६ मध्ये छापून आलं. आई वळली असेल, तर मूलही बहुतेक वेळा तिच्याजवळ निर्धास्त असे. आणि गंमत म्हणजे, मुलाचं अपंगत्व किती तीव्र किंवा निदानाला किती वर्षं झाली, यावर आईचं वळणं ठरत नव्हतं! "का झालं" जाऊन "उद्या फिजिओथेरपीला किती वाजता" आलं, की समजावं. दुःखासकट.

कराडच्या त्या बाळाकडे परत येऊ. ते वाढेल आणि एका वाढदिवशी अठरा वर्षांचं होईल. त्या दिवशी कायद्यानं आई त्याची पालक उरत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो प्रौढ झालेला असतो. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात यासाठी वाट आहे. साताऱ्याला असो वा सांगलीला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे आईला अर्ज करावा लागतो: माझ्या मुलाची पालक म्हणून माझी नेमणूक करा.