कर्ज फेडता येतं, विकलेले शेअर परत येत नाहीत: पवईच्या हाउसिंग डॉट कॉमची गोष्ट

हाउसिंग डॉट कॉम 2012 मध्ये पवईत सुरू झाली. आयआयटी मुंबईच्या 12 जणांनी मिळून ती उभी केली आणि राहुल यादव तिचे सीईओ झाले. कल्पना साधी होती. भाड्याचं घर शोधताना दिसणारे फोटो खरे असावेत, म्हणून कंपनीची माणसं स्वतः घरी जाऊन फोटो काढायची आणि घर नकाशावर टाकायची. तीन वर्षांनी, 1 जुलै 2015 ला, संचालक मंडळाने यादव यांना पदावरून काढलं. ज्यांनी कंपनी काढली, त्यांनाच कंपनीने काढलं. हे कायद्याने कसं शक्य होतं, हे समजलं की व्हेंचर कॅपिटल आणि बँकेचं कर्ज यातला फरक आपोआप कळतो.

आधी एक शंका मिटवू. या मुलांनी सरळ बँकेतून कर्ज का नाही काढलं? कारण मिळालंच नसतं. बँक मागे बघते: गेल्या दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न, जीएसटी रिटर्न, खात्यातली उलाढाल, तारण. पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात पैसे कुठून येणार हे तिला आधी कळायला हवं. शेकडो माणसं कॅमेरे घेऊन फिरतायत आणि कमाई जवळपास शून्य, अशा कंपनीला बँक मॅनेजर चहा पाजून निरोप देईल. त्यात त्याची चूकही नाही. कर्ज बुडालं तर बँकेचं पूर्ण नुकसान, आणि कंपनी शंभरपट वाढली तरी बँकेला फक्त व्याजच मिळतं.

व्हीसीचा हिशेब उलटा असतो. त्याच्या 10 पैकी बऱ्याचशा कंपन्या बुडणार हे त्याने धरलेलंच असतं. एखाद-दुसरी प्रचंड वाढली तर तीच बाकीच्यांचं नुकसान भरून काढते. म्हणून तो हप्ता मागत नाही, हिस्सा मागतो. हाउसिंगला आधी नेक्सस, मग हेलियन अशा फंडांनी पैसे दिले. 2014 च्या अखेरीस जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने 9 कोटी डॉलर आले आणि सॉफ्टबँक सर्वांत मोठी भागधारक झाली.

आता टक्केवारी कशी झिजते ते बघा. समजा 12 जणांनी सुरुवातीला समान वाटणी केली, तर प्रत्येकाला जेमतेम 8.3 टक्के. प्रत्येक फेरीत कंपनीने नवे शेअर छापून 25 टक्के गुंतवणूकदाराला दिले, की जुन्या प्रत्येकाचा हिस्सा पाऊण होतो. तीन फेऱ्यांनंतर उरतात साधारण साडेतीन टक्के. हा आकडा मी समजवण्यासाठी घेतलाय. खुद्द यादव यांचा हिस्सा त्या वेळच्या बातम्यांनुसार 5 टक्क्यांच्या आसपास होता. मे 2015 मध्ये त्यांनी तोसुद्धा कर्मचाऱ्यांना वाटून टाकल्याचं जाहीर केलं.

पण खरी गोम टक्क्यांपेक्षा खुर्च्यांमध्ये आहे. गुंतवणूकदार पैसे देताना भागधारक करार करतो. त्यात संचालक मंडळावर त्याची माणसं येतात आणि काही निर्णयांसाठी त्याची लेखी संमती लागते: नवे शेअर काढणं, मोठं कर्ज घेणं, कंपनी विकणं, सीईओ नेमणं. सीईओ हा शेवटी कंपनीचा नोकर असतो आणि त्याला नेमायचं की काढायचं हे मंडळ ठरवतं. संचालकपदावरून काढायचं असेल तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 169 नुसार भागधारकांचं साधं बहुमत पुरतं. तुमच्याकडे 5 टक्के आहेत की 15, याने मतमोजणीत फार फरक पडत नाही.

करारातली आणखी एक ओळ मुलं सरसकट न वाचता सही करतात. तिचं नाव लिक्विडेशन प्रेफरन्स. उदाहरण घेऊ. व्हीसीने 10 कोटी देऊन 25 टक्के घेतले, म्हणजे कंपनीची किंमत 40 कोटी धरली. तुमच्याकडे 60 टक्के, उरलेले 15 टक्के इतरांचे. धंदा चालला नाही आणि कंपनी 12 कोटींना विकली. तुम्हाला वाटेल, 12 कोटींचे 60 टक्के म्हणजे 7.2 कोटी माझे. नाही. व्हीसी आधी आपले 10 कोटी उचलतो. उरलेले 2 कोटी तुमच्या 60 आणि इतरांच्या 15 टक्क्यांत वाटले जातात, म्हणजे तुमच्या हाती 1.6 कोटी. पेपरात मात्र "12 कोटींना विक्री" असंच छापून येतं. 40 कोटींच्या वर विक्री झाली तरच व्हीसी हा हक्क सोडून आपले 25 टक्के घेणं पसंत करतो. हा सगळ्यात साधा प्रकार. काही करारांत तो आधी 10 कोटी घेतो आणि वर उरलेल्यातही हिस्सा मागतो. तेव्हा "नॉन-पार्टिसिपेटिंग" हा शब्द करारात आहे की नाही, एवढं तरी शोधाच.

आता दुसरी बाजू. मुलुंडचा माझा एक मित्र सोसायट्यांना पाण्याचे डिजिटल मीटर बसवून देतो. ऑर्डरी हातात आहेत, माल घ्यायला 50 लाख हवेत. एक गुंतवणूकदार हे पैसे 20 टक्क्यांना द्यायला तयार होता. आम्ही घाटकोपर मेट्रोखाली उभं राहून मोबाईलवरच हिशेब केला. 50 लाखांचं कर्ज, 12 टक्के व्याज, 5 वर्षं: हप्ता सुमारे 1 लाख 11 हजार, एकूण व्याज साधारण 16 लाख 73 हजार. म्हणजे पैशाची किंमत आज ठरली, आणि 5 वर्षांनी बँकेचा विषय संपला. 20 टक्क्यांची किंमत मात्र आज कुणालाच माहीत नाही. कंपनी 10 कोटींची झाली तर ते 50 लाख त्याला 2 कोटींना पडले.

पण कर्ज म्हणजे मालकी शंभर टक्के सुरक्षित, असं समजू नका. प्रायव्हेट लिमिटेड असली तरी बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते. कंपनीचं कर्ज थकलं की बँक थेट तुमच्याकडे येते, आणि बोरिवलीचा वडिलांचा फ्लॅट तारण ठेवला असेल तर त्याच्याकडेही. सीजीटीएमएसई ही योजना लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून आहे. पण ती हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. तुम्ही बुडवलं तर बँकेला काही भरपाई मिळेल, तुमचं देणं मात्र तसंच राहील. आणि हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए होतं. सोसायटी पैसे चार महिन्यांनी देणार असेल तर हे 90 दिवस फार पटकन सरतात. मित्राने म्हणूनच सोसायट्यांकडून 40 टक्के आगाऊ घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे कर्ज 30 लाखांवरच भागलं.

दोन्हींच्या मधली एक वाट पुण्याच्या क्विक हीलने दाखवली. कैलाश काटकर यांचं सुरुवातीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अँटिव्हायरस विकून कंपनी कमावती झाली, आणि मग 2010 मध्ये सिकोयाने 60 कोटी गुंतवले. ग्राहकांचे पैसे आधीच येत होते, त्यामुळे काटकर बंधूंना किंमत मागून घेता आली. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हाही मोठा हिस्सा कुटुंबाकडेच होता. हाउसिंगला अशी सवड नव्हती, कारण गुंतवणुकीचे पैसे आले नाहीत तर पगार थांबणार होते. जानेवारी 2017 मध्ये ती प्रॉपटायगरने घेतली, सॉफ्टबँकेच्या वेळच्या किमतीच्या कितीतरी खाली.