रक्ताचा फेरा, आठ अक्षरांच्या ओळीत

हृदयाला चार कप्पे असतात आणि रक्त त्यांतून ठरलेल्या क्रमानेच जाते. आठवीच्या विज्ञानात वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. नावे लक्षात राहतात, पण क्रम विसरतो. तो पाठ व्हावा म्हणून रचलेली कविता अष्टाक्षरी छंदात सहज बसते. या छंदात प्रत्येक ओळीत आठ अक्षरे येतात, जोडाक्षर एकच धरतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवावा लागत नाही. अशी एक रचना पुढीलप्रमाणे:

अंगभर हिंडलेले
रक्त येई परतून,
उजव्याच अलिंदात
उतरते शिरांतून.

तीन पाकळ्यांचे दार
खाली उघडते आत,
मग उजवे निलय
पाठवते फुफ्फुसांत.

श्वासातून प्राणवायू
रक्तामध्ये मिसळतो,
नको असलेला वायू
उच्छ्वासात निसटतो.

लालभडक ते रक्त
डाव्या अलिंदात येते,
दोन पाकळ्यांतून ते
डाव्या निलयात जाते.

जाड भिंत आवळते,
महाधमनीत लाट,
टाळूकडे, टाचांकडे
रक्त धरी पुन्हा वाट.

पहिल्या दोन कडव्यांत हृदयाची उजवी बाजू आहे. शरीरभर फिरून ऑक्सिजन कमी झालेले रक्त महाशिरांमधून उजव्या अलिंदात येते. तिथून ते त्रिदली झडपेतून खाली उतरते. कवितेतले ‘तीन पाकळ्यांचे दार’ म्हणजे हीच झडप. ती खालच्या बाजूलाच उघडते, त्यामुळे निलय आकुंचन पावले तरी रक्त मागे फिरत नाही, तर फुफ्फुसाकडे जाते. तिसरे कडवे फुफ्फुसातले आहे. तिथे रक्त ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. चौथे आणि पाचवे कडवे डाव्या बाजूचे. डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीच्या सुमारे तिप्पट जाड असते. उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंतच पोचवायचे असते, डाव्याला मात्र ते साऱ्या शरीरात ढकलावे लागते. म्हणून ‘जाड भिंत’ हे शब्द शेवटच्या कडव्यातच येतात.

म्हणताना सर्वांत जास्त चुका उजव्या-डाव्याच्या होतात. पुस्तकातले चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचे असते, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला दिसते. इथे छंद मदतीला येतो. ‘उजव्याच अलिंदात’ ऐवजी ‘डाव्याच अलिंदात’ म्हटले, तर सातच अक्षरे होतात आणि चाल अडखळते. ‘डाव्या अलिंदात येते’ या ओळीत ‘उजव्या’ घातले, तर नऊ अक्षरे होतात. चूक कानालाच कळते.

सगळ्याच चुका मात्र छंद पकडत नाही. ‘तीन’ आणि ‘दोन’ दोन्ही दोन अक्षरी, ‘अलिंद’ आणि ‘निलय’ दोन्ही तीन अक्षरी, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तरी चाल बिघडत नाही. तिथे खुणेचा आधार घ्यावा लागतो. वर्णमालेत ‘अ’ आधी येतो आणि ‘न’ नंतर. रक्तही आधी अलिंदात येते, मग निलयात. पाकळ्यांची संख्या आकृतीवर बोट ठेवून ताडून पाहणे बरे: उजवीकडे तीन, डावीकडे दोन.

कवितेची एक मर्यादा म्हणताना सांगायलाच हवी. ओळी एकामागून एक येतात, म्हणून आधी उजवी बाजू चालते आणि नंतर डावी, असे वाटू शकते. प्रत्यक्षात दोन्ही अलिंदे एकाच वेळी आकुंचन पावतात आणि त्यानंतर दोन्ही निलये एकाच वेळी. कविता रक्ताच्या एका थेंबाचा प्रवास सांगते, हृदयाचे ठोके सांगत नाही. ठोक्याचा ‘लब’ हा आवाज त्रिदली आणि द्विदली झडपा मिटताना होतो. ‘डब’ हा आवाज निलयांतून बाहेर जाणाऱ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटताना होतो. या झडपा कवितेत आलेल्या नाहीत, म्हणून त्या आकृतीत वेगळ्या दाखवाव्या लागतात.

म्हणण्याचा वेगही रक्ताशी जुळवता येतो. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे 72 वेळा ठोके देते आणि दर ठोक्याला साधारण 70 मिलिलीटर रक्त महाधमनीत सोडते. म्हणजे मिनिटाला सुमारे 5 लीटर. शरीरातले एकूण रक्तही जवळपास इतकेच असते, त्यामुळे एका फेऱ्याला सरासरी एक मिनिट लागते. कवितेच्या वीस ओळी प्रत्येकी तीन सेकंद घेऊन म्हटल्या, तर तेवढाच वेळ होतो. ‘रक्त धरी पुन्हा वाट’ ही ओळ येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या शरीरातही एक फेरा साधारण पुरा झालेला असतो.